चुन्याची रेघ जिथे तुटते

ड्रोन यायच्या आधी गावठाणात चुना पडतो. घरमालक, ग्रामपंचायतीची माणसे आणि मोजणीचे कर्मचारी गल्लीबोळांतून फिरतात. कुणाची जागा कुठे संपते ते पाहतात आणि त्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ ओढतात. वरून जाणाऱ्या कॅमेऱ्याला मालकी कळत नाही, त्याला फक्त रेघ दिसते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तांत्रिक मदतीने हे काम गावोगावी पोहोचले. घराची मिळकत पत्रिका ज्या नकाशावरून तयार होते, त्याच्या मुळाशी ड्रोनने टिपलेले एक मोठे चित्र असते.

ते चित्र एका फोटोत मात्र कधीच मावत नाही. ४०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद असे एक मध्यम गावठाण समजू. १२० मीटर उंचीवरून चांगला कॅमेरा एका वेळी साधारण १२० बाय ८० मीटरचा तुकडा टिपतो. शेजारचे तुकडे एकमेकांवर भरपूर चढलेले असावे लागतात. उड्डाणाच्या दिशेने ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के ओव्हरलॅप धरला, तर दर १६ मीटरला एक फोटो येतो आणि दोन पट्ट्यांमध्ये ३६ मीटरचे अंतर राहते. एवढ्याशा गावाचे अशाने दोन-अडीचशे फोटो होतात आणि मारुतीच्या देवळाचा कळस त्यांतल्या पंधरा-सोळा फोटोंत येतो. या सगळ्यांतून कुठल्या जागेसाठी कुठला फोटो वापरायचा ते ठरवून एकसंध चित्र तयार करणे, याला मोझॅक जुळवणे म्हणतात.

जुळवलेले पहिलेच चित्र पडद्यावर उघडले की बहुतेक वेळा गोधडीची आठवण होते. एक ठिगळ पिवळसर आणि लख्ख, शेजारचे करडे आणि मलूल. दोहोंमधली शिवण सरळ शाळेच्या छपरावरून गेलेली असते. जवळ जाऊन पाहिले तर एखादी चुन्याची रेघ शिवणीपाशी तुटते आणि वीतभर बाजूला सरकून पुन्हा सुरू होते.

इथे दोन वेगळी दुखणी एकत्र दिसत आहेत आणि त्यांचे औषध एक नाही. रेघ तुटली ती जागेची चूक आहे. ठिगळाचा रंग बदलला ती उजेडाची. उजेडावर कितीही मेहनत घेतली तरी तुटलेली रेघ जुळत नाही, उलट रंग सारखे झाल्यामुळे ती चूक झाकली जाते. म्हणून आधी जागा आणि मग उजेड, हा क्रम कामात पाळावा लागतो.

जागेची चूक बहुधा उंच वस्तूंमुळे होते. कॅमेरा ज्या बिंदूच्या बरोबर वर असतो तिथले घर सरळ दिसते, पण फोटोच्या कडेकडची घरे बाहेर कलंडल्यासारखी दिसतात. सहा मीटर उंचीचे दुमजली घर कॅमेऱ्याच्या खालच्या बिंदूपासून ४० मीटर दूर असेल, तर त्याचे छप्पर जमिनीच्या हिशोबाने सुमारे २.१ मीटर बाहेर सरकलेले दिसते. डाव्या फोटोत ते उजवीकडे कलते आणि उजव्या फोटोत तेच डावीकडे. जमिनीच्या चढउताराप्रमाणे फोटो सपाट करून घेतले, त्याला ऑर्थोफोटो म्हणतात, तरी केवळ जमिनीची उंची धरली असेल तर घरांचे कलणे तसेच राहते. अशा घराच्या मधून शिवण गेली की अर्धे छप्पर गायब होते किंवा एकाच घराला दोन छपरे येतात. इमारतींचीही उंची धरून चित्र सरळ केले तर हे बरेच सुधारते. तोवर साधा उपाय असा, की शिवण घरावरून नेऊच नये.

पूर्वी हे काम हातांनी होई. हवाई छायाचित्रांच्या कागदी प्रती रस्त्याच्या किंवा बांधाच्या कडेने कापत, कड मागून पॉलिश पेपरने घासून पातळ करत आणि फळीवर एकावर एक चिकटवत. रस्त्याकडेने कापण्यामागचे कारण सरळ होते. तिथे चित्रातच एक रेघ आधीपासून असते आणि जोड तिच्यात लपून जातो. आजचे सॉफ्टवेअर हेच गणिताने करते. दोन फोटो एकमेकांवर जिथे चढतात तिथल्या प्रत्येक पिक्सेलसाठी दोघांतला फरक काढला जातो. फरक कमी असलेल्या जागा स्वस्त, जास्त असलेल्या महाग. मग पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्वांत स्वस्त वाट शोधली जाते. मोबाइलवरचा नकाशा घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता शोधतो, त्याच जातीचे हे गणित आहे. कलंडलेल्या छपरांवर दोन फोटोंत खूप फरक पडत असल्याने वाट आपोआप त्यांना वळसा घालते आणि अंगणातून, मोकळ्या मैदानातून, गल्लीच्या मधून नागमोडी जाते.

आता उजेडाकडे. एकच कॅमेरा, एकच गाव आणि अर्ध्या तासाचे उड्डाण असूनही दोन फोटोंचा उजेड वेगळा का येतो?

पहिले कारण भिंगातच असते. मधोमध आलेला प्रकाश पुरता पोहोचतो आणि कोपऱ्यांकडे तो कमी होत जातो. साध्या भिंगात अक्षापासून ३५ अंशांवर मधल्या उजेडाच्या निम्म्याहूनही थोडा कमी उजेड पोहोचतो. आधुनिक भिंगे आणि कॅमेऱ्यातली दुरुस्ती हे बरेच भरून काढतात, सगळे नाही. दुसरे कारण कॅमेऱ्याच्या आपोआप चालणाऱ्या एक्स्पोजरचे. चौकटीत नवे चकाकते पत्रे जास्त आले की कॅमेरा स्वतःच उजेड आवळतो, काळी माती आली की सैल सोडतो. त्यामुळे तेच अंगण लागोपाठच्या दोन फोटोंत निराळे येते. तिसरे कारण ढग.

चौथे कारण फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. सूर्य ज्याच्या पाठीशी असतो त्याला समोरच्या वस्तूंच्या सावल्या दिसत नाहीत, कारण प्रत्येक सावली आपापल्या वस्तूमागे लपलेली असते. म्हणून ड्रोनची स्वतःची सावली जिथे पडते त्या बिंदूभोवती जमीन जास्त उजळ दिसते. हा उजळ डाग फोटोत दर वेळी त्याच बाजूला येतो. चुकीच्या तऱ्हेने जोडणी झाली तर सगळ्या मोझॅकवर शेताच्या सरींसारखे उजळ-मंद पट्टे उमटतात. पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो. सावल्या आखूड असल्याने ती वेळ मोजणीला सोयीची वाटते, पण तेव्हा हा उजळ डाग फोटोच्या मधोमध येतो आणि आडवे पत्रे आरशासारखे थेट कॅमेऱ्यात चमकतात.

या फरकांची दुरुस्ती दोन फोटोंच्या सामाईक भागात होते. तिथे दोघांनी तीच माती, तीच छपरे पाहिलेली असतात, म्हणून आकड्यांत जो फरक येतो तो उजेडाचा. पिक्सेलचा उजळपणा ० ते २५५ अशा आकड्यांत मोजतात. ० म्हणजे ठार काळा आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र. समजा, सामाईक भागात पहिल्या फोटोची सरासरी १२० आली आणि दुसऱ्याची १३०. पाहणारा म्हणेल, दुसऱ्यातून १० वजा करा. तसे केले तरी शिवण दिसतच राहते, कारण सरासरीबरोबर पसाराही पाहावा लागतो. पहिल्या फोटोत आकडे सरासरीच्या मागेपुढे ३० ने पसरलेले आहेत आणि दुसऱ्यात फक्त २० ने. दुसऱ्या फोटोवर धुरकट हवेचा पडदा आहे. त्या पडद्याने काळे थोडे उजळले, पण काळ्या-पांढऱ्यातले अंतर आटले.

हिशोब असा होतो. ३० भागिले २० म्हणजे १.५, इतक्या पटीने दुसऱ्या फोटोचा पसारा ताणायचा. १३० गुणिले १.५ म्हणजे १९५. ते १२० वर आणायला ७५ वजा. म्हणजे दुसऱ्या फोटोतल्या प्रत्येक आकड्याला १.५ ने गुणायचे आणि ७५ वजा करायचे. त्यातले १०० चे मळकट छप्पर ७५ वर जाऊन गडद होते आणि १७० चा सिमेंट रस्ता १८० वर जाऊन उजळतो. धूर उतरल्यासारखा दिसतो. हेच गणित लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी वेगवेगळे करतात, कारण धुरकट हवा निळ्याला सर्वांत जास्त बिघडवते.

सोपा वाटणारा हा हिशोब एका क्षुल्लक गोष्टीने फसतो. सपाट करताना फोटो तिरके वळतात आणि त्यांच्या कडेला रिकामी काळी जागा उरते. तिथे आकडा असतो ०. ही जागा ‘चित्र नाही’ अशी नोंदवली नसेल तर संगणक तिला काळी जमीन समजतो. सामाईक भागाचा दहावा हिस्सा जरी असा रिकामा असला तरी १२० ची खरी सरासरी १०८ वर येते आणि चांगला फोटो विनाकारण उजळ केला जातो. चमकणारे पत्रे उलट्या दिशेने फसवतात. एका फोटोत तोच पत्रा २५५ असतो आणि दुसऱ्यात १६०. म्हणून काळ्या कडा, चमकणारे पत्रे, पाण्याचे हौद आणि हलती वाहने हिशोबातून आधी बाजूला काढतात, किंवा सरासरीऐवजी मधला आकडा धरतात.

दोन फोटो जुळले, पण गाव दोनशे फोटोंचे आहे. पहिल्याला दुसरा जुळवा, दुसऱ्याला तिसरा, असे करत गेले तर काय होईल? प्रत्येक जोडणीत फक्त ३ टक्क्यांची चूक एकाच दिशेने होत गेली, तर दहाव्या जोडणीनंतर उजेड १.३४ पट होतो. वेशीपाशी गाव ठीक दिसते आणि पाणवठ्याशी पोचेपर्यंत पांढरे फटक पडते. कुठेही एकेकटी शिवण दिसत नाही, तरी चित्र बिघडलेले असते.

साखळी वळून पहिल्या फोटोपाशी आली की चूक उघडी पडते. तीन फोटो घेऊ. दुसरा फोटो १.२० पट केला की पहिल्याशी जुळतो. तिसरा १.१० पट केला की दुसऱ्याशी. म्हणजे तिसरा १.३२ पट केला की पहिल्याशी जुळायला हवा. पण पहिला आणि तिसरा थेट एकमेकांवर चढतात तिथे मोजले तर १.२६ येते. मोजणीदारांना हे ओळखीचे आहे. शेताला वळसा घालून मोजत पुन्हा पहिल्या खुणेपाशी आले की थोडा फरक उरतो आणि तो सगळ्या बाजूंवर वाटून द्यावा लागतो. इथेही तेच करतात. ती चूक तिन्ही जोडण्यांवर सारखी वाटली की पटी साधारण १.१८, १.०८ आणि १.२८ होतात. कुठलीच जोडणी तंतोतंत जुळत नाही, पण प्रत्येकीत राहिलेला फरक दीड टक्क्याच्या आसपास येतो आणि तो कुठे साचत नाही.

दोनशे फोटोंसाठी संगणक हीच वाटणी एका दमात करतो. मोठ्या सामाईक भागाच्या शब्दाला जास्त वजन, छोट्याच्या शब्दाला कमी. मात्र यात एक पळवाट आहे. सगळे फोटो काळे करून टाकले तरी ते एकमेकांशी जुळतातच, कारण शून्याचा शून्याशी फरक नसतो. म्हणून गणिताला आणखी एक अट घालावी लागते, की पटी शक्यतो १ च्या जवळ राहाव्यात. मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी २००७ साली पॅनोरमा फोटो आपोआप जुळवण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात हीच अट आहे.

पट वाढवण्याची आणखी एक किंमत असते आणि गावठाणाच्या चित्रात ती नेमकी चुन्याला मोजावी लागते. एका मलूल फोटोत चुन्याची रेघ २२० आहे आणि तिच्याखालचा काँक्रीटचा रस्ता २०५. फरक १५ चा, डोळ्याला सहज दिसणारा. हा फोटो १.२५ पट केला की रेघ २७५ वर जाते आणि रस्ता २५६ वर. पण वरची मर्यादा २५५ ची. दोन्ही २५५ वर आपटतात आणि रेघ रस्त्यात विरून जाते. शिवण सुंदर जुळली, हद्द नाहीशी झाली. त्यामुळे अशा कामात मलूल फोटो उजळ करण्यापेक्षा उजळ फोटो थोडे खाली आणणे बरे, किंवा जास्त बारीक आकड्यांच्या १६ बिटांच्या चित्रावर सगळा हिशोब करून ते शेवटी ८ बिटांत उतरवणे बरे.

एवढे झाले तरी शिवणीवर एक-दोन टक्क्यांचा फरक उरतो, आणि माणसाचा डोळा तेवढ्याने खूश होत नाही. कोपऱ्यातून मध्यापर्यंत सावकाश उजळत जाणारी भिंत त्याला एकसारखी वाटते, पण सरळ कडेवरची लहानशी पायरी तो लगेच पकडतो. उरलेली पायरी पुसण्यासाठी शिवणीच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा घेतात. त्यात डावा फोटो हळूहळू कमी आणि उजवा हळूहळू जास्त करत नेतात. पॉलिश पेपरने कागदाची कड पातळ करण्याचेच हे संगणकी रूप आहे आणि त्याला आजही फेदरिंग म्हणतात.

पट्टा किती रुंद घ्यायचा, इथे पेच पडतो. रुंद घेतला तर उजेड छान मिसळतो, पण दोन फोटोंत रेघ २० सेंटिमीटरनेही इकडेतिकडे असली तर एका रेघेच्या दोन फिकट रेघा दिसतात, भुतासारख्या. अरुंद घेतला तर रेघ एकच राहते, पण उजेडाची पायरी उघडी पडते. पीटर बर्ट आणि एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९८३ साली यातून वाट काढली. त्यांनी प्रत्येक फोटोचे थर केले. एका थरात सावकाश बदलणारा उजेड, पुढच्यात घरांचे ठोकळे, त्यापुढच्यात कौले, रेघा, गवत. उजेडाचा थर ते रुंद पट्ट्यात मिसळतात, रेघांचा थर अगदी अरुंद पट्ट्यात, आणि मग सगळे थर पुन्हा एकत्र करतात. उजेड मिसळतो आणि रेघ दुभंगत नाही.

साध्या फेदरिंगमध्येही एक बारकावा आहे. मिसळण्याचे प्रमाण उतरत्या सरळ रेषेने बदलले तर पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एक फिकट आणि एक गडद रेघ दिसल्याचा भास होतो. चित्रात ती नसतेच, डोळा ती तयार करतो. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली हा भास नोंदवला. त्यामुळे प्रमाण सरळ रेषेने न बदलता सुरुवातीला आणि शेवटी संथ होणाऱ्या वळणाने बदलतात.

काही शिवणी मात्र कुठल्याच गणिताने जात नाहीत. पूर्वेकडचा भाग सकाळी दहाला उडवला आणि वारा सुटल्याने पश्चिमेकडचा दुपारी तीनला, तर शिवणीच्या एका बाजूला घरांच्या सावल्या पश्चिमेकडे पडतात आणि दुसऱ्या बाजूला पूर्वेकडे. सरासरी जुळते, पसारा जुळतो, तरी चित्र दोन दिवसांचे वाटते. मोबाइलवर उपग्रहचित्र पाहताना एखाद्या सरळ रेषेवर हिरवी शेते संपून तपकिरी सुरू होताना दिसतात, तेही यातलेच. तिथे उजेड नाही, हंगामच वेगळा आहे. त्याला उजेडाची चूक समजून संगणकाने जबरदस्तीने जुळवले तर उन्हाळ्यातली माती हिरवट होते. जुळवलेल्या चित्रातल्या रंगांवरून पिकाची तब्येत ठरवायची नसते, ती याच कारणाने. एकमेकांशी जुळावेत म्हणून ते आकडे बदललेले असतात.

म्हणून शेवटची तपासणी दोनदा होते, एकदा लांबून आणि एकदा जवळून. लांबून म्हणजे सगळे गावठाण एका पडद्यावर मावेल इतके लहान करून, काळ्या-पांढऱ्यातला फरक मुद्दाम ताणून पाहायचे. दडलेले पट्टे आणि ठिगळे तेव्हा उठून दिसतात. शंका आली तर शिवणीला आडवी रेषा घेऊन दोन्ही बाजूंच्या आकड्यांचा आलेख काढायचा. आलेखात जिथे पायरी असते तिथे शिवण उरलेली असते, आणि नुसता उतार असेल तर बहुधा ती खरीच जमीन असते.

जवळून तपासताना संगणकाला शिवणीची रेषा लाल रंगात दाखवायला सांगतात आणि ती पायवाटेसारखी पकडून, पूर्ण मोठ्या आकारात, वेशीपासून पाणवठ्यापर्यंत चालत जातात. ती कुठल्या छपराला शिवते का, कुठली सावली अर्ध्यात कापते का, एवढे पाहत. चुन्याची रेघ जिथे लाल रेषेला ओलांडते तिथे थांबायचे, लाल रंग बंद करायचा आणि रेघ सलग आहे की नाही ते पाहायचे. सरकली असेल तर रंगाला हात न लावता त्या दोन फोटोंच्या जागेचा हिशोब पुन्हा करावा लागतो. सलग असेल पण मधेच फिकट होत असेल, तर त्या फोटोची पट कमी करून बघायची.

रेघ सलग आणि ठसठशीत असेल, तर तिच्यावरून हद्द काढली जाते. मग तो नकाशा घेऊन कर्मचारी पुन्हा गावात येतात आणि घरोघरी पडताळणी करतात. तोवर जमिनीवरचा चुना बहुधा पायांखाली पुसून गेलेला असतो.